बालदंतरोगातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी एसओपी: नागपूरच्या बीडीएस पदवीधरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमडीएसला प्रवेश घ्यायचा असेल तर एसओपी लागते का?

भारतातील एमडीएसचे प्रवेश नीट-एमडीएसच्या गुणांवर आणि त्यानंतरच्या समुपदेशन फेऱ्यांवर ठरतात, त्यामुळे नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा हिंगणा मार्गावरील खासगी महाविद्यालयांत बालदंतरोगाची जागा मिळवण्यासाठी एसओपी, म्हणजे अर्जाचा हेतू सांगणारे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हे निवेदन, कोणी मागत नाही. हे निवेदन लागते ते परदेशातील अर्जासाठी. अमेरिकेत अर्ज ‘पास’ या सामायिक अर्जसेवेतून जातो आणि त्यात व्यक्तिगत निबंध असतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर ऑफ क्लिनिकल डेंटिस्ट्री आणि ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठाच्या स्वतःच्या अर्जाबरोबर असेच निवेदन जोडावे लागते. पुढील उत्तरे अशा अर्जदारांसाठी आहेत, विशेषतः ज्यांचा रुग्णानुभव इंटर्नशिपपुरता किंवा त्यानंतरच्या एखाद-दोन वर्षांच्या खासगी प्रॅक्टिसपुरता आहे त्यांच्यासाठी.

गुणपत्रिका, बायोडेटा आणि शिफारसपत्रे असताना एसओपीत नवीन काय सांगायचे?

एखादी गोष्ट करताना आपण काय विचार केला, हे या तिन्ही कागदांत कोठेही दिसत नाही. बायोडेटात ‘बालदंतरोग विभाग, इंटर्नशिप’ अशी एक ओळ असते. शिफारसपत्रात आपण मेहनती आहोत हे शिक्षक लिहितात. एका घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलासमोर आपण कोणता दात आधी हाताळला, कोणता मुद्दाम थांबवला आणि का, हे मात्र फक्त आपणच लिहू शकतो. निवड समितीला हेच वाचायचे असते, कारण या शाखेत हाताच्या कौशल्याइतकाच उपचारांचा क्रम ठरवण्याचा विवेक महत्त्वाचा असतो आणि तो गुणांवरून कळत नाही.

‘मला लहान मुले आवडतात’ अशी सुरुवात चालेल का?

हे वाक्य खरे असले तरी त्यातून निवड करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण अर्ज करणारा प्रत्येक जण तेच लिहितो. लहानपणी स्वतःचा दात दुखला होता, तेव्हा दंतवैद्य फार प्रेमळ होते, ही सुरुवातही समितीच्या वाचनात असंख्य वेळा आलेली असते. मुलांविषयीची ओढ वर्णनातून दिसावी. मूल खुर्चीवर बसायला तयार नव्हते म्हणून तपासणी आईच्या आणि स्वतःच्या गुडघ्यांवर त्याला आडवे ठेवून केली, हे एक वाक्य लिहिले की आपण मुलांसोबत काम केले आहे हे वाचणाऱ्याला पटते आणि ‘आवडतात’ हा शब्द लिहिण्याची गरज उरत नाही.

निवेदनात किती रुग्णांविषयी लिहावे आणि रुग्ण कसा निवडावा?

माझे ठाम मत एकाच रुग्णाच्या बाजूचे आहे. तीन-चार रुग्णांचा दोन-दोन ओळींत उल्लेख केला तर निवेदन पुन्हा बायोडेटाच्या वळणावर जाते. पोर्टलवर शब्दांची किंवा अक्षरांची मर्यादा असते, अक्षरांच्या मोजणीत मोकळ्या जागाही धरल्या जातात, आणि मजकूर साधारण एक ते दीड पानापलीकडे जाऊ शकत नाही. इतक्या जागेत एकाच प्रकरणाचा विचार नीट मांडता येतो.

रुग्ण निवडताना सर्वांत अवघड किंवा दुर्मीळ केस शोधू नये. दुर्मीळ सिंड्रोम असलेले मूल विभागात आले तेव्हा इंटर्नने प्रत्यक्षात फारसे काही केलेले नसते आणि मुलाखतीत ते लगेच उघड होते. त्यापेक्षा किडलेल्या दुधाच्या दातांची साधी केस घ्यावी, पण तिच्यात निदान दोन योग्य पर्याय समोर होते, त्यांतील एक निवडावा लागला आणि निवडीचा काही तोटाही पत्करावा लागला, असे असावे. शेवटी त्या केसमधून असा एक प्रश्न उरला पाहिजे, ज्याचे उत्तर आपल्या सध्याच्या प्रशिक्षणात मिळत नाही. त्या प्रश्नामुळेच पदव्युत्तर शिक्षणाची मागणी खरी ठरते.

अशी एखादी केस सविस्तर मांडून दाखवता येईल का?

पुढील केस नमुना म्हणून रचलेली आहे. कोणीही ती स्वतःची म्हणून वापरू नये.

नागपूरच्या बालदंतरोग विभागात काटोलकडून चार वर्षांची एक मुलगी आईबरोबर येते. वजन १४ किलो. वरचे पुढचे चारही दात किडलेले, खालची डावी पहिली दुधाची दाढ रात्री ठणकते, खालच्या उजव्या दुसऱ्या दाढेत पोकळी आहे पण दुखत नाही. रात्री झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली अजून सुरू आहे. मुलगी तोंड उघडत नाही, रडते, आरसा ढकलते. फ्रँकलच्या चार पायऱ्यांच्या वर्तनमापनात ती पहिल्या, म्हणजे पूर्णपणे नकारात्मक पायरीवर आहे.

येथे पहिला विचार दुखणाऱ्या दाढेचा. रात्री आपोआप ठणकणारी दाढ म्हणजे आतील मज्जा बरी होण्यापलीकडे गेली आहे, असे सहसा मानले जाते. त्यामुळे तिथे कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड लावून किंवा नुसती स्टीलची टोपी बसवून भागणार नाही. दुधाच्या दाताचा रूट कॅनॉल, म्हणजे पल्पेक्टॉमी, किंवा दात काढणे हे दोनच पर्याय उरतात. काढणे एका भेटीत संपते आणि काटोलहून वारंवार येणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे वाटते. पण चौथ्या वर्षी पहिली दाढ गेली की मागची दाढ पुढे सरकून खालच्या प्रीमोलरची जागा कमी करू शकते, त्यासाठी ती जागा राखणारा बँड अँड लूप स्पेस मेंटेनर बसवावा लागतो आणि त्याची तपासणी अनेक वर्षे करत राहावी लागते. म्हणजे आज वाचलेल्या फेऱ्या पुढे पुन्हा कराव्या लागतात. मुळांची झीज झालेली नसेल आणि दाताचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर पल्पेक्टॉमी करून टोपी बसवणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरा विचार क्रमाचा. पहिल्याच भेटीत या मुलीला धरून इंजेक्शन द्यायचे का? चेहऱ्यावर सूज नाही, ताप नाही, क्ष-किरणात मुळांभोवती मोठा संसर्ग दिसत नाही. अशा वेळी वजनानुसार वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस थांबणे समर्थनीय आहे. सूज असती तर थांबता आले नसते, आणि निवेदनात हे वाक्य असलेच पाहिजे, कारण त्यावरून अर्जदाराला थांबण्याची मर्यादा माहीत आहे हे कळते. म्हणून पहिल्या भेटीत फक्त ‘सांगा, दाखवा, करा’ या पद्धतीने ब्रश, हवा आणि आरसा यांची ओळख करून दिली जाते आणि पुढच्या दातांवर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड लावले जाते. त्याला सुई लागत नाही, ड्रिल लागत नाही, काम मिनिटाभरात होते आणि मुलीच्या दृष्टीने पहिली भेट न दुखता संपते.

दुसऱ्या भेटीत दुखणाऱ्या दाढेच्या पल्पेक्टॉमीसाठी बधिरतेचे इंजेक्शन. लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरली तर १४ किलोच्या मुलीला सुमारे ६१ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे जेमतेम ३ मिलिलिटर. मोठ्या माणसासाठी सवयीने भरली जाणारी दोन काडतुसे या मुलीला जास्त होतात. हा हिशेब निवेदनात आकड्यांनिशी लिहिण्याची गरज नाही, पण मुलाखतीत तो तोंडपाठ असला पाहिजे.

तिसऱ्या भेटीत न दुखणाऱ्या उजव्या दाढेवर हॉल पद्धतीने, म्हणजे कीड न कोरता आणि भूल न देता, स्टीलची टोपी बसवली जाते. त्यासाठी दोन दाढांमध्ये रबरी सेपरेटर काही दिवस आधी ठेवावा लागतो आणि तो दुसऱ्याच भेटीत ठेवला तर काटोलची एक फेरी वाचते.

आणि आता तोटा. सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइडने कीड थांबते, पण किडलेला भाग काळा पडतो. आईला हे आधी सांगितले होते, छायाचित्रही दाखवले होते आणि तिने सही केली होती. घरी गेल्यावर आजीने समोरचे काळे दात पाहिले आणि ‘दवाखान्यात पोरीचे दात जाळले’ म्हणून पुढची भेट जवळजवळ रद्द केली. उपचार शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता, लेखी संमतीही होती. तरीही घरात निर्णय घेणारी व्यक्ती त्या संमतीत नव्हती. दुसऱ्या भेटीच्या आधी आजीशी फोनवर बोलून, दात सहाव्या ते आठव्या वर्षी पडून नवे येणार आहेत आणि तोवर ते दुखू नयेत एवढाच उद्देश आहे, हे समजावल्यावर कुटुंब परत आले.

माझ्या मते संपूर्ण निवेदनाचा कणा येथे आहे. आजीचा आक्षेप लपवून फक्त तिसऱ्या भेटीतील हसरी मुलगी दाखवली तर लिखाण जाहिरातीसारखे होते.

या केसवरून प्रत्यक्ष परिच्छेद कसा दिसेल?

अंतिम मजकूर इंग्रजीत जाईल, पण विचारांची मांडणी समजण्यासाठी मराठीत असा:

> ‘माझी देखरेखीखालील पहिली लहान रुग्ण चार वर्षांची होती आणि तिने तोंड उघडण्यास नकार दिला. तिची एक दाढ रात्री ठणकत होती, परंतु सूज किंवा ताप नसल्याने माझ्या शिक्षकांशी चर्चा करून आम्ही त्या दिवशी इंजेक्शन टाळले. मी तिच्या पुढच्या दातांवर सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड लावले आणि तिला घाबरवणारे काहीही न करता भेट संपवली. पुढच्या भेटीत पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्या दाढेची पल्पेक्टॉमी केली. मी सहाय्यक होते आणि मुलीशी बोलत राहण्याचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या भेटीत एका न दुखणाऱ्या दाढेवर मी स्वतः स्टीलची टोपी बसवली. पहिल्या भेटीनंतर काळे दात पाहून तिच्या आजीने पुढची भेट जवळजवळ रद्द केली होती. आईची संमती घेताना मी आजीचा विचार केला नव्हता. त्यानंतर प्रत्येक पालकाला, घरी हा निर्णय कोण घेणार, असे मी विचारू लागले. ज्या मुलांना तीन भेटींतही शांत करता येत नाही त्यांच्यासाठी सिडेशन आणि संपूर्ण भूल यांतून निवड कशी करावी, हे मला अजून येत नाही, आणि तेच शिकण्यासाठी मी अर्ज करत आहे.’

या परिच्छेदात विशेषणे जवळजवळ नाहीत, हे लक्षात घ्यावे. ‘अविस्मरणीय’, ‘हृदयस्पर्शी’, ‘आव्हानात्मक’ हे शब्द पहिल्या मसुद्यात येतातच. ते खोडून पाहावेत आणि वाक्याचा अर्थ कमी होतो का ते तपासावे.

इंटर्न म्हणून मी फक्त मदत केली होती. ‘मी उपचार केले’ असे लिहिले तर काय बिघडते?

खूप बिघडते. इंटर्नला कोणते उपचार स्वतंत्रपणे करू दिले जातात याची समितीतील शिक्षकांना चांगली कल्पना असते, आणि ‘मी पल्पेक्टॉमी केली’ असे वाचल्यावर ते मुलाखतीत कार्यलांबी कशी मोजली, मुळांत काय भरले आणि ते साहित्य दुधाच्या मुळांबरोबर झिजून जाते का, असे साधे प्रश्न विचारतात. खोटेपणा तिथेच उघडा पडतो आणि मग निवेदनातील बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही. ‘मी लावले’, ‘मी सहाय्य केले’, ‘मी पाहिले’ आणि ‘आम्ही ठरवले’ ही चार क्रियापदे काटेकोरपणे वापरावीत. सहाय्यकाची भूमिका प्रामाणिकपणे लिहिली तर ती या शाखेत कमी लेखली जात नाही, कारण इंजेक्शनच्या वेळी मुलाशी बोलत राहणे हे वर्तन-मार्गदर्शनाचेच काम आहे.

रुग्णाची ओळख किती झाकावी?

नाव व नोंदणी क्रमांक न देणे पुरेसे नाही. लहान गाव, नेमकी तारीख, दुर्मीळ आजार आणि वडिलांचा व्यवसाय या चार गोष्टी एकत्र आल्या की गावातील कोणीही मुलाला ओळखेल. वय वर्षांत द्यावे, गावाऐवजी ‘शहरापासून दूरच्या तालुक्यातून’ असे म्हणावे, आणि छायाचित्रे अर्जासोबत कधीही जोडू नयेत. केस ओळखता येण्याजोगी राहत असेल तर विभागप्रमुखांना विचारून पालकांची लेखी परवानगी घ्यावी.

विदर्भातील सिकलसेल किंवा फ्लोरोसिसचा उल्लेख करावा का?

आपण त्या मुलांसोबत काम केले असेल तर जरूर करावा, पण प्रादेशिक माहिती देण्यासाठी करू नये. ‘विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे’ हे वाक्य इंटरनेटवरूनही उतरवता येते. त्याऐवजी, गडचिरोलीहून आलेल्या मुलाला संपूर्ण भूल देऊन सर्व दातांवर एकाच वेळी उपचार करायचे ठरले होते, घरात कोणाला सिकलसेल आहे का हे मी विचारले, मोठ्या भावाला असल्याचे कळले आणि सोल्युबिलिटी चाचणीचा अहवाल येईपर्यंत तारीख पुढे नेण्यात आली, असे लिहिले तर दोन ओळींत अर्जदाराची समज दिसते. त्यामागचे कारणही माहीत असावे: ऑक्सिजनची कमतरता, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि संसर्ग यांनी अशा मुलांत वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून उपाशी ठेवण्याच्या वेळेपासून भूलतज्ज्ञांशी चर्चेपर्यंत सगळेच आधी ठरवावे लागते. दातांतील संसर्ग तसाच ठेवणे हाही त्या मुलासाठी धोका असतो, त्यामुळे तारीख पुढे नेणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे, हेही त्यात यावे.

फ्लोरोसिसच्या बाबतीतही तसेच. चंद्रपूर किंवा यवतमाळच्या काही गावांतून येणाऱ्या मुलांच्या दातांवरील डाग पाहिले असतील, तर पिण्याच्या पाण्याचा स्रोत विचारल्याशिवाय फ्लोराइडची जादा मात्रा सुचवू नये, हा विचार आपल्या मनात कधी आला ते लिहावे. या गोष्टी जिथे घडल्या नाहीत तिथे ओढून आणू नयेत.

‘याच संस्थेत का’ या भागात काय लिहावे?

संस्थेच्या संकेतस्थळावरील कौतुकाची वाक्ये परत तिलाच पाठवू नयेत. केसमधून उरलेला प्रश्न घ्यावा आणि तो तिथे कसा शिकवला जातो हे शोधावे. नमुन्यातील अर्जदाराचा प्रश्न सिडेशन आणि भूल यांच्या निवडीचा आहे, त्यामुळे तिने पाहावे की विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात किती काळ पाठवले जाते, नायट्रस ऑक्साइड आणि तोंडावाटे दिले जाणारे सिडेशन यांचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली होते, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे स्वतंत्र क्लिनिक आहे का. अमेरिकेतील बालदंतरोग रेसिडेन्सी किमान दोन वर्षांची असते आणि तिच्या मान्यतेच्या निकषांतच सिडेशन व भूल यांचा अनुभव येतो. म्हणून ‘तुमच्याकडे सिडेशन शिकवतात’ एवढे लिहून एक संस्था दुसरीपासून वेगळी होत नाही. वेगळेपण मिळत नसेल तर हा भाग तीन ओळींत आटोपावा.

एखाद्या वर्षी अनुत्तीर्ण झालो, किंवा नीट-एमडीएसमध्ये जागा मिळाली नाही. हे लिहावे का?

गुणपत्रिकेत दिसणारी अडचण एका वाक्यात, कारणासह लिहावी आणि पुढे जावे. नीट-एमडीएसच्या क्रमांकाविषयी अर्जात कोणी विचारले नसेल तर तो विषय काढू नये. बीडीएसनंतरचा मोकळा काळ मात्र सांगावा, कारण तारखांमधील खंड वाचणाऱ्याला दिसतोच. त्या काळात क्लिनिकमध्ये मुलांचे काम किती होते, कोणते उपचार स्वतः केले आणि कोणते पुढे पाठवले, हे लिहिले तर तोच काळ उपयोगी ठरतो.

मसुदा कोणाकडून वाचून घ्यावा?

दोघांकडून. एक बालदंतरोगाचे शिक्षक, जे उपचाराचा क्रम चुकला असेल तर सांगतील. दुसरी व्यक्ती दंतवैद्यकाबाहेरची असावी. वाचून झाल्यावर तिला निवेदन न पाहता, मूल कोण होते, काय ठरवले आणि काय बिनसले, हे सांगायला लावावे. तिला ‘काय बिनसले’ सांगता आले नाही तर तो भाग अजून झाकलेला आहे. पैसे देऊन लिहून घेतलेले निवेदन या चाचणीत अनेकदा सापडते, कारण त्यात मूल असते, हसू असते, पण निर्णय नसतो.

शिक्षण संपल्यावर नागपूरला परत येणार, असे लिहावे का?

खरोखर तसा विचार असेल तरच लिहावे, आणि मग ते ठोस असावे: परत येऊन विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी भूलतज्ज्ञांसोबत ठरावीक दिवशी क्लिनिक चालवायचे आहे, किंवा काळ्या डागांविषयी आजी-आजोबांना समजावण्याची कोणती पद्धत जास्त स्वीकारली जाते याचा छोटा अभ्यास मराठी व हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांत करायचा आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाडा, सिवनीकडचे रुग्णही नागपुरात येतात, त्यामुळे हिंदीचा उल्लेख येथे उगाच ठरत नाही. त्याआधी परदेशी पदव्युत्तर पदवीच्या भारतातील मान्यतेची स्थिती तपासावी, कारण मुलाखतीत ‘तिकडे तुम्हाला तज्ज्ञ म्हणून नोंदणी मिळेल का’ हा प्रश्न येऊ शकतो. विचार पक्का नसेल तर पुढील पाच वर्षांत कोणते काम शिकून स्वतंत्रपणे करायचे आहे एवढेच लिहावे आणि गावाचे नाव गाळावे.